गाडी विकली, पण आरसी माझ्याच नावावर. आता अपघात झाला तर?

प्रश्न: नागपुरात ओळखीच्याला स्कूटर विकली, स्टॅम्प पेपरवर सही घेतली. नाव ट्रान्सफर झालं नाही. मी अडकू शकतो का?

हो, अडकू शकता. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं. समजा, त्याने सीताबर्डीला सिग्नल तोडला, तर ई-चालान तुमच्या मोबाईलवर येईल. खरी भीती पुढे आहे: इन्शुरन्स संपलेला असताना त्याने कुणाला उडवलं, तर भरपाई तुमच्याकडून वसूल होऊ शकते. स्टॅम्प पेपर फार तर नंतर त्याच्याकडून पैसे मागायला कामी येईल. विक्री कळवायची मुदत 14 दिवसांची असते. ती उलटली असली तरी फॉर्म 29 आजच भरा, फॉर्म 30 वर त्याची सही घ्या, आणि एम-परिवहनवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पिच्छा सोडू नका.