पावतीवरचे 8.30 टक्के आणि हातात उरणारे पैसे

प्रश्न: "बँकेत 10 लाखांची 5 वर्षांची एफडी करतोय. दर 7 टक्के, पण शाखेने दिलेल्या कागदावर 'वार्षिक यील्ड 8.30 टक्के' असं आहे. महागाई 5 धरली तर खरा फायदा 3.3 टक्के झाला ना? मी 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे."

नाही हो. तो 8.30 चा आकडा पाहिला आणि आमच्या घरातली जुनी वादावादी आठवली. तेव्हाही असाच कागद समोर होता, आणि हा आकडा आला कुठून असं विचारल्यावर शाखेतल्या बाईंनी "सिस्टीममधून येतो" एवढंच सांगितलं होतं. बँकेचं नाव घेत नाही, कारण असे कागद बऱ्याच ठिकाणी मिळतात.

आकडा खोटा नाही, पण तुमच्या कामाचा नाही. 7 टक्के दर तिमाहीला चक्रवाढ झाले की 10 लाखांचे 5 वर्षांनी 14,14,778 होतात. व्याज 4,14,778. त्याला सरळ 5 ने भागलं की वर्षाला सुमारे 83 हजार येतात, म्हणजे 8.30 टक्के. थोडक्यात, व्याजावरचं व्याज मोजायचं आणि मग ते साध्या व्याजाच्या भाषेत सांगायचं. याच हिशोबाने 7 टक्क्यांची 10 वर्षांची ठेव 10 टक्क्यांवर जाते. मुदत वाढवली की 'यील्ड' वाढतं, दर मात्र तिथेच. महागाईसुद्धा चक्रवाढीनेच वाढते, त्यामुळे हा आकडा तिच्याशेजारी ठेवता येत नाही. तुलनेला घ्यायचा तो वर्षाचा परिणामी दर, तिमाही चक्रवाढीने 7.19 टक्के. एक्सेलमध्ये `=EFFECT(7%,4)` टाकलं की मिळतो.

आता महागाईच्या आधी कर वजा करा. बहुतेकांचा हिशोब इथेच फसतो. एफडीचं व्याज 'इतर उत्पन्न' म्हणून तुमच्या स्लॅबने करपात्र होतं, आणि कर लागतो तो सगळ्या व्याजावर. त्यातला मोठा हिस्सा नुसती महागाईची भरपाई आहे, ती कमाई नव्हेच, पण आयकर खातं हा फरक करत नाही. तुमच्या स्लॅबला सेससकट 20.8 टक्के जातात. 7.19 चे उरले 5.69. मग महागाई:

```
=(1+B1*(1-B2))/(1+B3)-1
```

B1 मध्ये परिणामी दर, B2 मध्ये सेससकट कर, B3 मध्ये महागाई. तुमचं उत्तर 0.66 टक्के. 3.3 नाही, 1 सुद्धा नाही. 30 टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला हीच ठेव किंचित तोट्यात नेते. ज्याला करच बसत नाही त्याला 2 टक्क्यांच्या जरा वर मिळतात. म्हणून "एफडी चांगली की वाईट" या वादात समोरच्याचा स्लॅब कळल्याशिवाय मी पडत नाही.

हेच रुपयांत बघा. पहिल्या वर्षी व्याज सुमारे 71,900, कर जाऊन 56,900. पण महागाई 5 टक्के असेल तर वर्षाअखेरीस आजच्या 10 लाखांइतकीच खरेदी करायला 10,50,000 लागतील. म्हणजे 50 हजार मुद्दलातच परत घालायला हवेत. बिनघोर खर्चायला उरले 6,900. महिन्याला व्याज घेणाऱ्यांनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. 10 लाखांवर महिना 5,800 च्या आसपास खात्यात येतात आणि सगळे खर्च होतात. मुद्दल पावतीवर 10 लाखच दिसतं, पण दर वर्षी झिजत असतं.

हे कागदी गणित वाटत असेल तर झालेला हिशोब देतो. 2020-21 मध्ये स्टेट बँकेचा 5 वर्षे आणि पुढच्या मुदतीचा दर 5.40 टक्के होता, ज्येष्ठांना त्यावर थोडा जास्त. पुढच्या 4 आर्थिक वर्षांत किरकोळ महागाईची सरासरी अनुक्रमे 5.5, 6.7, 5.4 आणि 4.6 टक्के राहिली. या 4 वर्षांत 10 लाखांचे करापूर्वी 12.39 लाख झाले, आणि त्याच खरेदीला लागणारे पैसे 12.41 लाख. बरोबरी. 20 टक्क्यांच्या स्लॅबचा कर काढला की ठेव 11.86 लाख, म्हणजे सुमारे 55 हजारांची तूट. ना बँक बुडाली, ना व्याज थकलं, ना कुणी फसवलं.

उलटही होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्क्यांवर आली होती, तेव्हा जुन्या दराने पैसे अडकवलेल्यांना घसघशीत खरा परतावा मिळत होता. गोम अशी की तुमचा दर आज ठरतो आणि महागाई पुढे कळते. त्यामुळे मागच्या महिन्याचा आकडा सूत्रात घालू नका. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्के, वरची मर्यादा 6. मी दोन्ही घालून बघतो. तुमचं उत्तर 4 ला 1.6 टक्के येतं आणि 6 ला उणे 0.3. घरखर्चात शाळेची फी आणि मेडिक्लेमचा हप्ता मोठा असेल तर स्वतःसाठी वरचाच आकडा धरा.

आणि "वडिलांच्या काळी बारा-तेरा टक्के मिळायचे" हे गाणं बंद करा. 1991-92 मध्ये महागाईही 13 टक्क्यांच्या वरच होती.

टीडीएसबद्दल थोडं, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. तुमचं वर्षाचं व्याज 50 हजारांच्या वर जातंय, त्यामुळे बँक 10 टक्के कापेल. तो तुमचा पूर्ण कर नव्हे, उरलेला विवरणपत्र भरताना द्यावा लागेल. व्याज मुदतीअंतीच हातात येणार असलं तरी बँक ते दर वर्षी तुमच्या नावावर दाखवते, आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात ते दिसतं. टीडीएस बहुधा ठेवीतूनच वळता होतो, म्हणून शेवटी 14,14,778 पेक्षा कमी मिळाले तर शाखेत भांडायला जाऊ नका. बायकोच्या नावाने तुमच्याच पैशांची ठेव केलीत तरी व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. ती युक्ती चालत नाही.

मी सल्लागार नाही, हे माझं मत म्हणूनच घ्या. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा आणि अडीअडचणीची रक्कम मी बिनदिक्कत एफडीत ठेवेन, तिथे 0.66 मिळाले तरी तक्रार नाही. मुलीच्या शिक्षणासाठी 15 वर्षांनी लागणारा पैसा सगळा तिथे ठेवणार नाही. पण हे आकडे पाहून 9-10 टक्क्यांसाठी गल्लीतल्या पतसंस्थेत धावू नका. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. तुमचे 10 लाख एकाच बँकेत जाणार असतील तर अर्धे विम्याबाहेर राहतात. पावती फाडण्याआधी निदान दोन बँकांत विभागून टाका.