हस्तलिखित वह्यांचं मराठी टायपिंग, तेही फोनवर

"मी अकरावीत आहे. भांडवल काहीच नाही, लॅपटॉपही नाही. एक फोन आणि रोजचे दोन तास आहेत. मराठीत मार्क चांगले पडतात. यातून काही धंदा होईल का?"

होईल. पंधरा वर्षं मी डीटीपीचं काम करतोय, त्यामुळे दहा कल्पना सुचवण्यापेक्षा मला माहीत असलेली एकच सांगतो. लोकांच्या हाताने लिहिलेल्या वह्या युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येते त्या मराठीत, टाइप करून द्यायच्या. निवृत्त गुरुजींच्या आठवणी, भजनी मंडळाची अभंगांची वही, आजीच्या पाककृती असं लिखाण घरोघरी पडून असतं. छापून घ्यायची इच्छा असते, पण टाइप करणारं कुणी भेटत नाही. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे छोट्या सहकारी संस्था. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अहवालाची घाई असते. तेव्हा सचिवांना जाऊन भेट.

फोनवर मराठी कीबोर्ड आणि गूगल डॉक्स एवढं पुरतं. बोलून टाइप करायची सोयही वापर, वेळ वाचतो. पण तो मजकूर तसाच कधी देऊ नकोस. त्यात विरामचिन्हं बहुधा नसतात, न-ण बदलतात आणि गावांची, माणसांची नावं हमखास चुकतात. तुझ्या मराठीच्या मार्कांचा उपयोग इथेच आहे. गिऱ्हाईक पैसे देतं ते शुद्ध मजकुराचे.

तपासताना दोन गोष्टींवर जास्त लक्ष ठेव. पहिली म्हणजे सामान्यरूपातली वेलांटी आणि उकार. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ऱ्हस्व. 'मूल' दीर्घ, पण 'मुलाला' ऱ्हस्व. फोन जे सुचवतो ते दर वेळी बरोबर नसतं. दुसरी म्हणजे 'ऱ्य'. सह्याद्रीच्या असतात त्या 'दऱ्या', आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. साधा र, हलन्त आणि य दाबलं की रफार वर जातो आणि अर्थच बदलतो. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' कीबोर्डवर कुठे आहे ते आधीच शोधून ठेव.

आता हिशोब. समज, गुरुजींची ७० पानांची वही आली. सुरुवातीला एका पानाला टायपिंग आणि तपासणी धरून साधारण २५ मिनिटं लागतील. म्हणजे १७५० मिनिटं, जवळजवळ २९ तास. रोज दोन तास बसलास तर पंधरा दिवसांचं काम. पानाला २५ रुपये घेतलेस तर १७५० रुपये, म्हणजे मिनिटाला रुपया. हात बसला की वेळ कमी होईल, दर तोच राहील. मात्र दर सांगण्याआधी वहीतलं मधलं एक पान घरी आणून टाइप करून बघ. पहिलं पान सगळेच सुवाच्य लिहितात. पुढे अक्षर बिघडतं आणि समासात मजकूर घुसवलेला असतो. वाचता येत नाही तिथे अंदाजाने शब्द घालू नकोस. कंसात प्रश्नचिन्ह टाक आणि दर दहा पानांनी गुरुजींना विचार.

पैसेही दर दहा पानांनी घे. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याच्यावर कायद्याने बंधनकारक नसतो, आणि शेवटी कुणी पैसे बुडवले तर ते वसूल करणं तुला अवघड जाईल. ऑनलाइन पैसे आईच्या किंवा वडिलांच्या खात्यावर मागव आणि हे काम त्यांना माहीत असू दे. शपथपत्रं, खरेदीखतं, कोर्टाचे कागद घेऊ नकोस; तिथली एक चूक तुला निस्तरता येणार नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा छापखान्यात होतो. बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या पद्धतीचे जुने फॉन्ट चालतात. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर टाकला की चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं तुटतात. माझी एक स्मरणिका अशीच अडकली होती. फाइल छापखान्यात पोचली, सगळी जोडाक्षरं फुटली, आणि रूपांतर करून पुन्हा पहिल्यापासून मुद्रितशोधन करण्यात चार रात्री गेल्या. म्हणून काम घेतानाच विचार, छापणार कुठे? त्या छापखान्याला एकच पान आधी पाठव. त्या पानात 'ऱ्य', 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्र' आणि 'ॲ' असलेले शब्द हवेत. पूर्ण फाइल देताना डॉक्ससोबत पीडीएफही दे, म्हणजे अक्षर कुठे बदललं ते त्यांना शेजारी ठेवून बघता येईल.

पहिल्या वहीसाठी लांब जाऊ नकोस. तुझ्याच शाळेतून गेल्या दोन-तीन वर्षांत निवृत्त झालेल्या शिक्षकांना विचार. त्यांचं अक्षर तू फळ्यावर वाचलेलं आहेस.