वडिलांचा मोबाइल नंबर मुलाच्या नावावर करण्यासाठी अर्ज

प्रश्न : वडील वारले. बँकेचे मेसेज त्यांच्याच नंबरवर येतात. तो नंबर माझ्या नावावर करायला कंपनीला अर्ज कसा लिहू?

आधी आजच त्या नंबरवर रिचार्ज मारा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या घरचे बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

माझे वडील गेले तेव्हा आईच्या पेन्शन खात्याला त्यांचाच नंबर होता. मी पहिल्या अर्जात 'सिम बदलून मिळावे' असं लिहिलं. दुकानातल्या मुलाला वाटलं, सिम खराब झालंय, आणि वडिलांनाच घेऊन या म्हणाला. तेव्हा मागणी नेमकी लिहा : नंबर तोच, मालकाचं नाव बदला. दुसऱ्यांदा मी असं लिहिलं :

'माझे वडील (पूर्ण नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. त्यांच्या नावे असलेला मोबाइल क्रमांक (…) मी त्यांचा मुलगा व वारस म्हणून माझ्या नावावर करावा, ही विनंती. हा क्रमांक माझ्या आईच्या बँक खात्याला जोडलेला असल्याने तोच कायम ठेवावा. यास आई व बहिणीची हरकत नाही. या क्रमांकाची पुढील सर्व देयके व वापराची जबाबदारी माझी राहील.'

सोबत मृत्यू दाखल्याची प्रत, माझं आधार, नातं दाखवणारं रेशनकार्ड आणि आई-बहिणीचं सहीचं संमतीपत्र जोडलं. मूळ कागद दाखवायला बरोबर ठेवा. पोस्टपेड असेल तर थकबाकी आधी भरा. आणि अर्जातलं वडिलांचं नाव सिम घेताना दिलं होतं तसंच हवं. आमच्याकडे दाखल्यावर नावापुढे 'राव' होतं, सिमवर नव्हतं, तेवढ्यासाठी आणखी एक फेरी झाली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

नवं सिम दिलं तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. त्या दिवशी ओटीपी लागेल असं काही काम ठेवू नका.

आता बँकेचं. नंबर तुमच्या नावावर झाला तरी खातं होत नाही. खातं आईचं असेल, तर शाखेत तिच्या सहीने मोबाइल बदलाचा अर्ज देऊन तिचा स्वतःचा नंबर लावून घ्या. जुना तोवरच चालू हवा. खातं एकट्या वडिलांचं असेल, तर मृत्यू दाखला देऊन बँकेला कळवा आणि वारसदाराचा दावा भरा. त्यांच्या ओटीपीने पैसे काढू नका, घरचेच असले तरी. नॉमिनी तुम्ही असलात तरी ते पैसे सगळ्या वारसांसाठी तुमच्या हाती येतात, आणि उद्या बहिणीने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. त्या खात्यातून विम्याचा किंवा कर्जाचा हप्ता कापला जात असेल, तर ते मेसेज मात्र एका वहीत उतरवून ठेवा. दावा भरताना मला त्यावरूनच कळलं की वडिलांची एक पॉलिसी होती.