शेअर १०० ला घेतला होता, आता ८० ला आहे. कॉल रेशो स्प्रेडने रिपेअर होतं म्हणतात, करू का? स्ट्राइक कुठले घेऊ?

फक्त अंगाशी न येता बाहेर पडायचं असेल तर कर. कमवायचं असेल तर हे तुझ्यासाठी नाही.

स्ट्राइक सोपे आहेत. ८० चा एक कॉल घ्यायचा आणि त्याच एक्स्पायरीचे ९० चे दोन विकायचे. मी केलं तेव्हा अगदी हाच हिशोब होता, ८० चा ६ ला मिळाला, ९० चे प्रत्येकी ३ ला गेले, म्हणजे खिशातून काहीच नाही. एक्स्पायरीला ९० आला की शेअरमध्ये १० चा तोटा, कॉलमध्ये १० चा फायदा, सुटलो.

आमचा एक मित्र आहे, त्याचं म्हणणं "एवढं डोकं कशाला लावतोस, ८० ला अजून तेवढेच घे, ॲव्हरेज ९०च येईल." बरोबर, ९०च येतं, पण नवे पैसे घालून! आणि शेअर ७० ला गेला तर त्याचे ४० जातात, माझे ३०च, कारण माझ्याकडे पडणारा शेअर एकच आहे, कॉल फार तर शून्य होतो.

मधे एक गंमत झाली. एक्स्पायरीला तीन आठवडे असताना शेअर ९१ झाला आणि स्क्रीनवर तरीही ६ चा तोटा. शेअरमध्ये उणे ९, ८० चा कॉल १२ झाला म्हणजे अधिक ६, पण विकलेले दोन्ही ३ वरून साडेचारवर चढलेले म्हणून उणे ३. त्यांच्यात टाइम व्हॅल्यू उरलेली असते, ती शेवटच्या दिवसांत झपाट्याने जाते. लोक इथेच घाबरून सोडतात, मी नाही सोडलं.

शेवटी शेअर १०४ ला बंद झाला, मला शून्य, त्या मित्राला २८, आणि तो अजून ते ऐकवतो. अरे पण मला त्या कंपनीत थांबायचंच नव्हतं, ९० च्या वरचं सगळं मी आधीच विकून टाकलं होतं, त्याच पैशात तर ८० चा कॉल आला!

हां, शेअर ६० ला असता तर जमलं नसतं. ६० चा घेऊन ८० चे दोन विकायचे म्हटलं तर त्या लांबच्या कॉलला भाव नसतो, खिशातून घालावे लागतात. वीस-पंचवीस टक्के पडझडीपर्यंतच याचा विचार कर. तुझ्याकडचे शेअर कॉलच्या लॉटएवढे हवेत. आणि ८० चा कॉल फायद्यात दिसला म्हणून एकटा विकू नकोस, मग ९० चा एक कॉल उघडा पडतो आणि शेअर धावला तर तोट्याला मर्यादा नाही. तुमच्याकडे मुदतीआधी असाइनमेंट होत असेल तर डिव्हिडंडची तारीखही बघून घे.