उडीचं बटण कोपऱ्यात का नको

प्रश्न: मोबाइल गेममध्ये टच कंट्रोल नक्की कुठे ठेवू, म्हणजे दोन हातांनीही आणि एका हातानेही आरामात खेळता येईल?

कोपऱ्यात ठेवू नका. इथेच थांबलो असतो, पण याच कोपऱ्यावरून मी तीन आठवडे भांडलोय, त्यामुळे जरा लांबण लागणार.

आमचा गेम फोन आडवा धरून खेळायचा, पळत पळत उड्या मारायचा. डावीकडे जॉयस्टिक आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्याला चिकटून उडीचं बटण. आमच्या प्रमुखाला ते तिथेच हवं होतं, का तर स्क्रीनशॉट मोकळा दिसतो. खेळणारे ऐन खड्ड्यापाशी उडी चुकायचे आणि 'बटण लागतच नाही' म्हणायचे. प्रमुखाचं उत्तर ठरलेलं: 'होईल सवय.'

शेवटी मी प्रत्येक टच कुठे पडतो त्याची नोंद ठेवायला लागलो, बटणाबाहेर पडलेल्यांसकट. (फक्त बटणाला लागलेले टच नोंदवलेत तर चूक जन्मात दिसणार नाही.) सहा जणांना वीस-वीस मिनिटं खेळवलं आणि सगळे ठिपके स्क्रीनच्या चित्रावर मांडले. ठिपक्यांचा घोळका बटणावर नव्हताच. तो वर आणि स्क्रीनच्या मध्याकडे सरकलेला, साधारण 8 मिमी. पहिल्या पाच मिनिटांत कमी, मग वाढत गेलेला.

कारण साधं आहे. दोन्ही हातांनी फोन धरला की अंगठ्याचं मूळ कोपऱ्याजवळच, फोनच्या कडेला येतं. तिथून अंगठा सैल सोडला की त्याचं टोक बरंच आत पडतं आणि कंसात फिरतं. ते कोपऱ्यात न्यायचं तर सांधा आखडून धरावा लागतो. थोडा वेळ जमतं, मग अंगठा आपसूक सैल होतो. कंट्रोलरवर बटणाची कड बोटाला जाणवते. काचेवर चाचपायला काही नाही आणि डोळे पुढच्या खड्ड्यावर. सरकलोय हे कळतच नाही.

मग मी बटण त्या घोळक्याच्या मध्यावर आणलं: उजव्या कडेपासून 18 मिमी, खालून 20 मिमी. दिसणारं वर्तुळ 11 मिमीचं, पण टच घेणारं क्षेत्र 17 मिमीचं. हल्ल्याचं बटण त्याच कंसावर वरच्या बाजूला, दोन केंद्रांत 18 मिमी सोडून, म्हणजे क्षेत्रं एकमेकांवर चढत नाहीत. अँड्रॉइडमध्ये 48 डीपीचा नियम आहे ना, तो साधारण 7.6 मिमी होतो. बघून दाबायच्या मेनूला तो ठीक, न बघता दाबायच्या उडीला अजिबात नाही.

दुसरं भांडण टक्केवारीवरून. 'कडेपासून रुंदीच्या 12 टक्के' असं लिहिलं तर 150 मिमी रुंद स्क्रीनवर 18 मिमी होतात आणि 240 मिमीच्या टॅब्लेटवर जवळजवळ 29. टॅब्लेट हातात घेतला म्हणून कुणाचा अंगठा वाढत नाही. अंतरं मिलिमीटरमध्येच ठेवा:

```
px = mm * dpi / 25.4
```

युनिटीत `Screen.dpi` कधीकधी 0 देतं, तेव्हा स्वतःची एक ठोकळ किंमत हाताशी ठेवा, नाहीतर सगळी बटणं एका ठिपक्यात गोळा होतील.

राहिला एक हात. दोन हातांची मांडणी आक्रसून उभ्या स्क्रीनवर आणू नका. एकच अंगठा एका वेळी धरून ठेवणं आणि दाबणं, दोन्ही करू शकत नाही. तिथे खेळच बदलावा लागतो: पळणं आपोआप, ओढलं की वळायचं, टिचकी मारली की उडी. अंगठा खालच्या अर्ध्या भागात जिथे टेकेल तोच जॉयस्टिकचा मध्य माना. अगदी तळाशी काही ठेवू नका, वर ओढताना होम स्क्रीनच उघडते.

हे आधीच सांगायला हवं होतं: माझे सहाही जण उजखोरे होते, तेव्हा 18 आणि 20 हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, स्वतःचे ठिपके मोजा. डावखुऱ्यांसाठी मांडणी उलटायची सोय द्या. बटणं ओढून हलवायची सोयही द्या, पण सुरुवातीची मांडणी वाईट ठेवायला ती सबब नव्हे. बरेच जण सेटिंग उघडतच नाहीत, गेम काढून टाकतात.

बटण हलवल्यावर खड्ड्यापाशी चुकणाऱ्या उड्या डोळ्यांदेखत कमी झाल्या. प्रमुखाने ते आकडे पाहिले आणि म्हणाला, 'बघ, झाली ना सवय?'