तीन दिवस नाशिक: काय आधी ठरवायचं, काय मोकळं ठेवायचं?

प्रश्न: श्रावणात आई-बाबांना घेऊन मुंबईहून नाशिकला येतोय, शुक्रवार ते रविवार. सगळं आधीच बुक करू की तिथे येऊन बघू?

रात्रींचा मुक्काम बुक करा, दिवस मोकळे ठेवा. संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने याल तर नाशिकरोडला उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि तिथून गाव आठ-दहा किलोमीटर. त्या वेळी वयस्कर माणसांना घेऊन खोली शोधत फिरू नका. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी घ्या, लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, जातायेतानाची तिकिटं तेव्हाच काढा.

शनिवार-रविवारचं मात्र काही ठरवू नका, कारण इथला पाऊस तुमचा बेत पाळत नाही. शनिवारी सकाळी गच्चीवर जाऊन त्र्यंबकच्या दिशेने बघा. डोंगर दिसत असतील तर लवकर त्र्यंबकेश्वरला निघा, अंतर तीसेक किलोमीटर. ढगांत बुडाले असतील तर गावातच रामकुंड, काळाराम आणि मधे गरम मिसळ. वणीच्या सप्तशृंगीला रोपवे आहे, आईंच्या बहुतेक पायऱ्या वाचतील, पण धुक्यात वरून काहीच दिसत नाही, म्हणून तेही त्याच दिवशी ठरवा.

अपवाद एकच. त्र्यंबकला एखादा विधी करायचा असेल तर गुरुजींशी तारीख आधी पक्की करा. नारायण नागबलीला तर तीन दिवस लागतात, मग फिरणं विसराच. आणि मुक्काम सोमवारपर्यंत लांबवू नका, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला प्रचंड गर्दी असते.