सोसायटीच्या ग्रुपवर नवीन बिऱ्हाडाचं स्वागत कसं करावं?

*'मी नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन कुटुंबाला ॲड केलं की काय लिहायचं? नुसतं 'वेलकम' कोरडं वाटतं आणि जास्त लिहिलं तर भाषण होतं.'*

डोंबिवलीतल्या आमच्या ३२ फ्लॅटच्या सोसायटीत मी तीन वर्षं हे काम केलं. पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली, ती आधी सांगतो. तिसऱ्या मजल्यावर एक बाई मुलाला घेऊन राहायला आल्या. मी सवयीने 'श्री. व सौ. अमुक यांचे हार्दिक स्वागत' असं टाकलं, खाली फुलांचा गुच्छ. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण ग्रुपवर पुढे कित्येक महिने त्यांचा एक शब्द आला नाही. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून ॲड करण्याआधी मी फोन करतो किंवा सरळ दार वाजवतो. तीनच गोष्टी विचारतो: कुठला नंबर घालू, घरातल्या कोणाकोणाला घालू, आणि ग्रुपवर नाव काय लिहू. ग्रुपमध्ये घातल्याबरोबर माणसाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्याकडे तेव्हा सत्तरेक जण होते, त्यात फ्लॅट विकून गेलेलेही चार-पाच निघाले. (आधी ते काढा.) काहींच्या फोनमध्ये अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये घालू नये अशी सेटिंग असते. ॲड होत नसेल तर तीच असेल. मग ग्रुपची लिंक त्यांना खासगीत पाठवा, ते स्वतः येतील.

मेसेज पाच-सहा ओळींचा पुरतो. माझा साधारण असा असायचा:

'नमस्कार मंडळी. बी-३०४ मध्ये स्नेहल साठे आणि त्यांचे आई-वडील राहायला आले आहेत. स्नेहलताई, सोसायटीत तुमचं स्वागत. पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७ येतं. घंटागाडी साडेआठला येते, ओला-सुका कचरा वेगळा लागतो. काही अडलं तर मला किंवा समोरच्या सावंतकाकांना विचारा.'

पाण्याची वेळ स्वागतात कशाला, असं कमिटीतल्या एकाने विचारलं होतं. नवीन माणसाला ग्रुपवरचे जुने मेसेज सहसा दिसत नाहीत. मागच्याच आठवड्यात सगळं सांगून झालंय हे आपल्या लक्षात असतं, त्यांच्यासाठी ग्रुप कोरा असतो. पहिल्या दिवशी त्यांना लागतं ते पाणी, कचरा आणि एक माणसाचं नाव. मेंटेनन्स, पार्किंगचे नियम, सामान चढवताना लिफ्टला पुठ्ठा लावायचा वगैरे मी दुसऱ्या दिवशी खासगीत पाठवायचो. चारचौघांत आल्याआल्या नियम वाचून दाखवले की स्वागत राहतं बाजूला, नोटीस दिल्यासारखं होतं. सावंतकाकांना मात्र आधी विचारून ठेवा, नाहीतर बेल वाजल्यावर तेच दचकतात.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. कोण एकट्या राहतात, नोकरी कुठे, भाडं किती, मुलं कुठल्या शाळेत, यातलं काही नको. आणि भाडेकरू असतील तर 'नवीन सभासद' लिहू नका. सहकारी सोसायटीत सभासद हा कायद्यातला शब्द आहे, भाडेकरू सभासद नसतो. आमच्याकडे एकदा असं लिहिल्यावर त्याच फ्लॅटच्या मालकाने 'मग मी कोण?' म्हणून ग्रुपवरच विचारलं, आणि बिचारे भाडेकरू आल्या दिवशी त्या वादात सापडले. 'राहायला आले आहेत' एवढं लिहिलं की मालक, भाडेकरू सगळ्यांना चालतं. मराठी येत नसेल तर मेसेज हिंदीत लिहा, खाली दोन ओळी मराठीत.

वेळ बघा. आमच्या ग्रुपवर पार्किंगवरून जुंपली की दोन दिवस चालते. अशा मधोमध कोणाला ॲड केलं तर त्यांना पहिलं दर्शन त्या भांडणाचं होतं. मी थांबायचो. रात्री नऊनंतरही नाही.

मग येतो स्टिकरांचा पूर. तीस गुलाब, वीस हात जोडलेले, आणि त्याखाली पाण्याची वेळ गडप. स्वागताचा मेसेज मी सात दिवसांसाठी पिन करायचो आणि लोकांना सांगायचो की त्याच मेसेजवर अंगठा किंवा नमस्कार द्या. तरुण मंडळींनी ऐकलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा अजूनही हलणारं गुलाब पाठवतात. त्यांना मी अडवलं नाही, तुम्हीही अडवू नका.

समोरून 'धन्यवाद' आलं नाही तर ग्रुपवर विचारू नका, दोन दिवसांनी जिन्यात भेटतीलच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंकडे मी शेवटी दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेलो आणि माफी मागितली. 'तुम्हाला कसं माहीत असणार?' म्हणाल्या. आत बोलावून चहा दिला.